बॅटरी जोडलेली आहे का?

एका दुपारी जुनी वही चाळताना नेहमीचाच प्रश्न समोर आला: समांतर पट्ट्यांच्या कपॅसिटरमध्ये काचेचा तुकडा सरकवला, तर प्रभार आणि विभवांतर यांचे काय होईल? हा प्रश्न मला विद्यार्थीदशेपासून चिडवत आला आहे, कारण बॅटरी जोडून ठेवली आहे की काढून घेतली आहे, हे विचारणारा सांगतच नाही, आणि सगळे उत्तर तर त्यावरच उभे असते.

१०० चौरस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या १ मिलिमीटर अंतरावर समोरासमोर धराव्यात. मध्ये हवा असेल, तर धारकता जेमतेम ८८.५ पिकोफॅरड भरते. क्षेत्रफळ दुप्पट केले की ती दुप्पट होते, अंतर दुप्पट केले की निम्मी. १०० व्होल्टची बॅटरी जोडली, की पट्ट्यांवर ८.८५ नॅनोकूलोम प्रभार साठतो.

आता बॅटरी काढून घेतली आणि ५ पराविद्युतांकाची, पोकळी पूर्ण भरणारी काच आत सरकवली, तर प्रभाराला जायला वाटच नसते. काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवर मात्र पट्ट्यांच्या विरुद्ध चिन्हाचा प्रभार उभा राहतो, मधले क्षेत्र दुबळे होते आणि विभवांतर २० व्होल्टवर उतरते. मला यातली खरी गंमत वाटते ती निराळीच: काच ढकलावी लागत नाही, कडांजवळचे वाकलेले क्षेत्र तिला आत ओढून घेते, आणि साठलेली ऊर्जा एक पंचमांश उरते ती या ओढण्याच्या कामापायीच.

बॅटरी जोडलेलीच राहिली, तर विभवांतर १०० व्होल्टवरून हलत नाही. बॅटरी आणखी प्रभार पुरवत राहते आणि तो ४४ नॅनोकूलोमच्या वर जातो. काच या वेळीही आत ओढलीच जाते, पण साठलेली ऊर्जा पाचपट होते.

हे सारे काच पट्ट्यांना अगदी चिकटून बसली तर. ती ०.९ मिलिमीटर जाड असून दोन्ही बाजूंना मिळून ०.१ मिलिमीटर हवा उरली, तर धारकता पाचपट न होता साडेतीनपटीच्या किंचित वर थांबते. कारण काचेचे ०.९ मिलिमीटर हवेच्या ०.१८ मिलिमीटरइतकेच मोजले जातात, त्यात हवेचे ०.१ मिळवले की एकूण ०.२८ होतात, आणि त्या केसभर हवेचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त ठरतो. मोजलेला पराविद्युतांक अपेक्षेपेक्षा कमी आला, तर काचेला दोष देण्याआधी ही फट तपासावी.

आणि बॅटरी काढल्यावर उतरलेले विभवांतर साध्या मल्टिमीटरने पाहू नये. त्याच्या १० मेगाओम रोधातून एवढासा प्रभार काही मिलिसेकंदांत वाहून जातो, म्हणून तिथे इलेक्ट्रोमीटरच हवा. नाही तर पडद्यावर शून्य दिसते, आणि काचेने सगळेच विभवांतर गिळले, अशी नोंद वहीत होते.