म्हापशाचं बिल आणि अडकलेले ७,२०० रुपये

वेंगुर्ल्यातल्या दुकानदारांसमोर जीएसटीवर बोलायचं होतं. मी कुडाळला रिटर्न भरण्याचंच काम करतो त्यामुळे विषय रोजचा, पण नियम वाचून दाखवले की समोरचे मोबाईल काढतात हे माहीत असल्यामुळे आधीच निरोप दिला होता की प्रत्येकाने खरेदीचं एक बिल आणि या महिन्याच्या २बी ची प्रिंट घेऊन या. २बी म्हणजे जीएसटीआर-२बी, तुमच्या नावावर कोणकोणत्या व्यापाऱ्यांनी बिलं दाखवली आहेत त्याची पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारी यादी. बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलंच नव्हतं, सगळं आमचे अकाउंटंट बघतात म्हणाले, पण बिलं मात्र आणली होती. किराणावाले, हार्डवेअरवाले, मोबाईलवाले, आणि मागच्या रांगेत एक इलेक्ट्रिक सामानाचे दुकानदार दोन्ही कागद नीट पिनअप करून बसलेले.

सुरुवात पंख्यापासून केली. तुम्ही होलसेलरकडून पंखा घेतला १,००० ला, वर १८ टक्के म्हणजे १८० टॅक्स, त्याला दिले १,१८०. तोच पंखा गिऱ्हाइकाला विकला १,३०० ला, वर टॅक्स २३४. आता सरकारला २३४ भरायचे काय? नाही, कारण त्यातले १८० तुम्ही होलसेलरच्या हातात आधीच दिलेत, तुम्ही फक्त ५४ भरायचे. ते १८० म्हणजे तुमचं इनपुट क्रेडिट. कोणी फुकट देत नाहीये, तुमचेच पैसे आहेत, फक्त ते होलसेलरमार्फत गेले. आणि म्हणूनच सरकार विचारतं की ते खरंच आले का, त्याने त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये तुमचा जीएसटी नंबर टाकून ते बिल दाखवलं का. २०२२ पासून तर नियमच आहे की २बी मध्ये आलं नाही तर क्रेडिट नाही, तुमच्या हातात बिल कितीही पक्कं असलं तरी. बँकेच्या पासबुकासारखं समजा, चेक खिशात आहे म्हणून पैसे जमा झाले असं होत नाही.

इथपर्यंत माना हलत होत्या. मग ते इलेक्ट्रिकवाले भाऊ उठले आणि म्हणाले, सर, माझा बिल २बी मधे इला हा, तरी अकाउंटंट म्हणता क्रेडिट नाय गावाचा. माझा काय चुकला?

मी कागद मागून घेतले. खरं सांगतो, एवढं नीट बिल आमच्याकडे क्वचित येतं. म्हापशाच्या होलसेलरचं, पंखे आणि वायरची बंडलं, माल ४०,००० चा, सीजीएसटी म्हणजे केंद्राचा वाटा ३,६००, एसजीएसटी म्हणजे राज्याचा वाटा ३,६००, एकूण ४७,२००. दुकानाचं नाव बरोबर, पत्ता वेंगुर्ल्याचा, जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा म्हणजे महाराष्ट्राचा, आणि पंधराच्या पंधरा अक्षरं बरोबर. बिल नंबर, तारीख, मालाचा एचएसएन कोड, सही, सगळं जागच्या जागी. २बी मध्येही बिल होतं, पण ती यादी दोन भागांत येते, एका भागातलं क्रेडिट मिळतं आणि दुसऱ्यातलं मिळत नाही, आणि हे बिल दुसऱ्या भागात बसलं होतं. पुढे कारणही दिलेलं असतं, त्याचा अर्थ असा की विकणाऱ्याचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण एकच आहे पण घेणाऱ्याचं राज्य वेगळं.

परत बिल बघितलं तर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, पुरवठ्याचं ठिकाण : गोवा, ३०. तिथेच सगळं अडलेलं.

मी ते बिल सगळ्यांना फिरवून दाखवलं कारण आपल्या सिंधुदुर्गात हे घरोघरी होतं. कोल्हापूरपेक्षा म्हापसा जवळ, माणूस सकाळी टेम्पो घेऊन जातो, माल भरतो, दुपारी परत. होलसेलरच्या काउंटरवरचा मुलगा बघतो की गिऱ्हाईक समोर उभं आहे, माल इथेच उचलतोय, म्हणजे विक्री गोव्यातली, आणि तो सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळा होतो. बिल ५०,००० च्या आत म्हणून ई-वे बिल पण बनत नाही, नाहीतर निदान त्यावर कुठून कुठे जातंय हे टाकताना तरी कोणाच्या लक्षात आलं असतं.

पण कायदा म्हणतो की माल हलतो तेव्हा तो जिथे जाऊन पोचतो ते पुरवठ्याचं ठिकाण. तो होलसेलरने पाठवला, तुम्ही स्वतः नेला की तिसऱ्याच कोणी नेला याने काही फरक पडत नाही, हे कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. हे पंखे वेंगुर्ल्याच्या दुकानात उतरले, म्हणजे पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र, २७, आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी नाही तर एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या मालावरचा एकच आयजीएसटी ७,२०० लागायला हवा होता. रक्कम तेवढीच, गिऱ्हाइकाच्या खिशातून एक पैसा जास्त जात नाही, म्हणून तर काउंटरवर कोणाच्या लक्षात येत नाही! पण त्या बिलातला एसजीएसटी गोव्याच्या तिजोरीत गेला आणि महाराष्ट्रात विक्रीवर टॅक्स भरताना गोव्याचा एसजीएसटी वापरता येत नाही.

लगेच एका काकांनी विचारलं, मगे सीजीएसटी तर केंद्राचो, तेवढो तरी गावतलो मां? प्रश्न अगदी रास्त आहे, पण नाही. विक्रीच गोव्यातली दाखवलीय त्यामुळे महाराष्ट्राच्या नंबरवर तो अर्धाही मिळत नाही, अख्खं बिल बाद.

मग भाऊंनी फळ्यावर त्यांचाच हिशेब मांडायला लावला. त्या महिन्यात विक्री ६०,००० ची, टॅक्स १०,८००. बिल नीट असतं तर ७,२०० वजा जाऊन ३,६०० भरायचे होते. आता पूर्ण १०,८०० भरायचे. १४ तारीख उलटलेली, २० तारखेला ३बी म्हणजे महिन्याचा टॅक्स भरायचं रिटर्न द्यायचं, म्हणजे चार दिवसांत ७,२०० जास्तीचे उभे करायचे. लहान दुकानात एवढ्या पैशात पुढचा माल येतो, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ते म्हणाले, मी हातानेच आकडो वाढवून भरलंय तर? माझ्या डोळ्यादेखत पैसे दिलंय. मी म्हटलं भरू नका, पोर्टल २बी आणि ३बी ताडून बघतं, फरक दिसला की नोटीस येते, आणि चुकीचं क्रेडिट वापरलं तर ते परत भरून वर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. बरोबर असलेल्या माणसाने चुकीच्या बाजूला जाऊन उभं का राहायचं.

मगे आता काय करूचा?

होलसेलरलाच गाठायला पाहिजे, दुसरा रस्ता नाही, कारण त्याने दाखवलेलं बिल तुम्ही किंवा मी बदलू शकत नाही. भाऊंनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, सगळा हॉल शांत. तिथल्या अकाउंटंटने आधी हात झटकले, म्हणाले आम्ही टॅक्स भरून मोकळे झालो, माल काउंटरवरून दिलाय, आता परत आयजीएसटी भरून आम्ही दोनदा मरायचं काय? ह्यात त्यांचाही दोष काढवत नाही मला, बहुतेकांना पुढचा रस्ता माहीतच नसतो. मी फोन घेतला आणि सांगितलं की पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये या बिलाची दुरुस्ती करा, पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र करा, आयजीएसटी ७,२०० भरा, आणि आधी चुकून भरलेले ३,६०० आणि ३,६०० कलम ७७ खाली परत मागा, योग्य टॅक्स भरल्यापासून दोन वर्षं मुदत आहे, आणि अशा वेळी उशिरा भरलेल्या आयजीएसटीवर व्याज लागत नाही. व्याज नाही म्हटल्यावर आवाज बदलला. कलमाचा नंबर परत एकदा विचारून लिहून घेतला आणि म्हणाले बघतो, सीएंना विचारून करतो.

पण हेही सांगायलाच हवं की रिफंड येईपर्यंत त्यांचे ७,२०० अडकणार, म्हणून सगळे होलसेलर तयार होत नाहीत. नाही म्हटलं तर तुमच्या हातात फार काही उरत नाही, ते पैसे मालाच्या किमतीत धरायचे आणि त्यानुसार विकायचं. आणि कितीही वाट बघितली तरी आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा ३० नोव्हेंबर हा शेवट आहे, त्याच्या आधी वार्षिक रिटर्न भरलं तर तो दिवस शेवट, त्यानंतर ना दुरुस्ती ना क्रेडिट. मार्चमधलं बिल ऑक्टोबरमध्ये सापडलं तर धावपळ करून जमतं, डिसेंबरमध्ये सापडलं तर नाही.

पुढे प्रश्नांची रांगच लागली. मोबाईलवाल्याने पणजीच्या लॉजचं बिल काढलं, म्हणाला ह्याच्यावर पण गोव्याचाच टॅक्स, हे पण बदलून आणू काय? ते नाही बदलत, कारण खोली गोव्यातच आहे आणि तुम्ही तिथेच राहिलात, ते बिल बरोबरच आहे आणि त्याचं क्रेडिट मिळत नाही. माल घरी येतो, खोली येत नाही. एक किराणावाल्या ताई कंपोझिशनमध्ये म्हणजे लहान दुकानदारांच्या सोप्या योजनेत होत्या, १ टक्का भरणाऱ्या, त्यांना म्हटलं तुम्हाला क्रेडिटच नाही त्यामुळे आयजीएसटी लागला काय नि हे लागलं काय, तुमचा खर्च तोच. फक्त तुम्ही स्वतःच्या बिलावर गिऱ्हाइकाकडून टॅक्स लावून घेऊ नका.

भाऊंनी २० तारखेला पूर्ण १०,८०० भरले, मेव्हण्याकडून काही उसने घेऊन. म्हापशाच्या अकाउंटंटने खरोखरच दुरुस्ती केली, आणि पुढच्या २बी मध्ये ते बिल मिळणाऱ्या भागात आलं, आयजीएसटी ७,२००. आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटीला लावायचं असतं, पण भाऊंची विक्री सगळी वेंगुर्ल्यातलीच, त्यामुळे ते सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्हींत वापरता आलं आणि त्या महिन्यात तेवढे कमी भरावे लागले. आता ते म्हापशाला गेले की बिल छापण्याआधीच काउंटरवरच्या मुलाला सांगतात, माल वेंगुर्ल्याक जातलो, सत्तावीस घाल. हार्डवेअरवाल्याची मात्र अजून दोन बिलं अडकलीयत, त्याचा होलसेलर फोन उचलत नाही, आणि नोव्हेंबर जवळ येतोय.