अम्पायर्स कॉल कागदावर मांडताना

मी क्लबच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे सगळे मिळून सामना पाहत असताना पायचीतचा रिव्ह्यू आला की खुलासा करण्याची जबाबदारी आपोआप माझ्यावर येते. प्रश्न बहुधा एकच असतो: चेंडू यष्टीला लागताना पडद्यावर स्पष्ट दिसतो आहे, मग फलंदाज नाबाद कसा? त्यातच थोड्या वेळाने हुबेहूब तशाच चेंडूवर दुसरा फलंदाज बाद ठरला, की पंचांनी पक्षपात केला अशी सर्वांची खात्रीच होते. नुसत्या बोलण्याने हे उलगडत नाही असे दिसल्यावर मी एक मोठा कागद घेतला आणि त्यावर खऱ्या मापाच्या तीन यष्ट्या काढल्या.

ऑफ स्टंपच्या बाहेरच्या कडेपासून लेग स्टंपच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर सुमारे 23 सेंटिमीटर असते, तर चेंडूचा व्यास साधारण 7 सेंटिमीटर भरतो. त्या मापाची पुठ्ठ्याची चकती कापून मी तिच्या मधोमध ठिपका दिला आणि ती लेग स्टंपच्या बाजूने हळूहळू बाहेर सरकवली. ठिपका लेग स्टंपच्या बाहेरच्या कडेच्या आत आहे तोवर पडद्यावर लाल रंग, म्हणजे चेंडू यष्टीवर आदळतो आहे. ठिपका कडेबाहेर गेला, पण चकतीचा काही भाग अजून यष्टीला टेकतो आहे, तर तो अम्पायर्स कॉल. आणि चकती यष्टीपासून पूर्ण सुटली की चेंडू यष्टी चुकवतो आहे. हा मधला पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा आहे आणि सगळे वाद तिथेच होतात. वरच्या बाजूलाही हाच हिशेब लागू होतो. 2021 मध्ये उंचीची मर्यादा यष्ट्यांच्या माथ्यापर्यंत नेल्यापासून तिथला पट्टाही बाजूंच्या पट्ट्याइतकाच झाला आहे.

मग मी एक उदाहरण घेतले. चेंडूचा टप्पा यष्ट्यांच्या रेषेत पडला, तो पुढच्या पायाच्या पॅडवर आदळला, पंचांनी मान हलवून नकार दिला आणि कर्णधाराने 15 सेकंदांच्या आत हातांनी टी अक्षराची खूण केली. तिसरे पंच आधी गोलंदाजाचा पाय पाहून नोबॉल नसल्याची खात्री करतात, नंतर चेंडू बॅटला लागला का ते तपासतात आणि शेवटी चेंडूच्या मार्गाकडे वळतात. टप्पा रेषेत, पॅडवरचा आघात रेषेत, पण यष्ट्यांसमोर अम्पायर्स कॉल. मैदानावरचा निर्णय नाबाद होता, म्हणून तो नाबादच राहतो. याच चेंडूवर पंचांनी बोट वर केले असते आणि फलंदाजाने दाद मागितली असती, तर त्याच चित्रावर तो बाद ठरला असता. चकती जागची न हलवता मी दोन्ही निकाल सांगितले, तेव्हा निर्णय चित्रावरून नव्याने घेतला जात नाही, तर आधीच्या निर्णयात ठळक चूक आहे का एवढेच तपासले जाते, हे पहिल्यांदा सर्वांच्या ध्यानात आले.

पुढचा आक्षेप रास्तच होता: यंत्राला दिसते आहे, तर पंचांचा मान कशासाठी राखायचा? इथे मला एक गोष्ट ठासून सांगावी लागली. पॅडपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपलेला असतो. त्यापुढचा मार्ग घडलेलाच नसतो, तो गणिताने काढलेला अंदाज असतो. पॅड यष्ट्यांपासून जितके दूर, तितका अंदाजाचा पल्ला लांब आणि थोड्याशा चुकीचा परिणाम मोठा. पडद्यावरची सुबक रेघ ही अनिश्चितता दाखवत नाही, आणि प्रेक्षकांची दिशाभूल होते ती त्यामुळेच, असे मला वाटते.

आघाताच्या बाबतीत मात्र माझी स्वतःचीही थोडी कुरकुर आहे. पॅडवर आदळताना चेंडूचा मध्य ऑफ स्टंपच्या रेषेबाहेर आणि काही भाग आत असेल, तर तिथेही अम्पायर्स कॉल लागतो. मग पुढे चेंडू मधली यष्टी उडवताना दिसला तरी नाबादचा निर्णय बदलत नाही. आघाताची जागा बरीचशी प्रत्यक्ष टिपलेली असते, म्हणून अंदाजाचे कारण इथे तितकेसे पटत नाही. टप्प्यासाठी अशी मधली सवलतच नाही; चेंडू लेग स्टंपबाहेर पडल्याचे दिसले की फलंदाज सुटला.

रिव्ह्यू वाया गेला का, हा प्रश्न लगेच मागोमाग आला. अम्पायर्स कॉलमुळे निर्णय कायम राहिला, तर 2017 पासून संघाचा रिव्ह्यू शाबूत राहतो. कसोटीत प्रत्येक डावात 3 आणि एकदिवसीय सामन्यात 2 चुकीचे रिव्ह्यू चालतात, त्यांत हा धरला जात नाही. तेव्हापासून आमच्यातले काही जण रिव्ह्यू घेतला जाताच सर्वांत आधी पंचांनी मुळात काय दिले होते ते विचारतात, आणि चेंडूचा मार्ग नंतर पाहतात.