मास्टर पासवर्ड बदलला, पण आतली किल्ली तीच राहिली

मागच्या महिन्यात घाईघाईत माझ्या बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरचा मास्टर पासवर्ड चुकून ऑफिसच्या चॅटमध्ये टाइप झाला आणि एंटर पण दाबला गेला. लगेच मेसेज डिलीट केला, वेब व्हॉल्टमध्ये जाऊन पासवर्ड बदलला, दोन सेकंदात काम झालं. आणि तिथेच डोक्यात किडा वळवळला, की चारशेच्या वर एंट्र्या आहेत माझ्या, त्या सगळ्या नव्या पासवर्डने पुन्हा एन्क्रिप्ट व्हायला हव्या होत्या ना, मग इतक्या पटकन कसं झालं?

म्हणून ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून सिंकचं उत्तर बघितलं. सर्व्हरवरून येणारी प्रत्येक एंट्री, अगदी तिचं नावसुद्धा, अशी दिसते:

```
2.<iv>|<ciphertext>|<mac>
```

म्हणजे एंट्रीत लिहिलेला मजकूर सर्व्हरकडे फक्त असा एन्क्रिप्ट झालेलाच असतो. पासवर्ड बदलायच्या आधीच्या सिंकची एक फाइल नशिबाने माझ्याकडे होती, ती शेजारी ठेवली तर एंट्र्या अक्षर न् अक्षर त्याच, किल्ल्यांपैकी बदललेली फक्त प्रोफाइलमधली `key`.

मग उलगडलं. मास्टर पासवर्ड आणि ईमेल (तो सॉल्ट म्हणून) घेऊन आपल्याच मशीनवर PBKDF2 नावाचं पासवर्डपासून किल्ली काढणारं गणित चालतं, सध्या डिफॉल्ट 6,00,000 फेऱ्या, आणि त्यातून एक किल्ली निघते. पण ती किल्ली एंट्र्यांना लागतच नाही. अकाउंट काढताना एक वेगळी रँडम किल्ली तयार झालेली असते, एंट्र्या तिने बंद होतात आणि पासवर्डमधून निघालेली किल्ली फक्त या रँडम किल्लीला कुलूप लावते. पासवर्ड बदलला की बाहेरचं कुलूप बदलतं, आतली किल्ली तीच. डिझाइन म्हणून हे बरोबरच आहे, नाहीतर दर वेळी सगळं व्हॉल्ट नव्याने चढवावं लागलं असतं.

पण माझ्या बाबतीत अडचण अशी, की कोणाकडे जुन्या सिंकची कॉपी आणि जुना पासवर्ड दोन्ही असतील तर त्याला आतली किल्ली मिळते, आणि मी उद्या टाकलेल्या एंट्र्यांचा सायफरटेक्स्ट, म्हणजे एन्क्रिप्ट झालेला मजकूर, हाती लागला तर त्यासुद्धा उघडतात.

त्यामुळे पुन्हा पासवर्ड बदलला, या वेळी `Also rotate my account's encryption key` वर टिक करून. आधी फोन आणि बाकीच्या ब्राउझरांमधून लॉगआउट केलं, कारण जुनी किल्ली धरून बसलेलं एखादं सेशन सेव्ह करायला गेलं तर डेटा बिघडू शकतो. अकाउंटशी बांधलेला जुना एन्क्रिप्टेड एक्स्पोर्टही आता उघडणार नाही, म्हणून वेगळा पासवर्ड लावून नवा एक्स्पोर्ट काढला. नंतर सिंक बघितलं तर प्रत्येक ओळ वेगळी होती, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

जुन्या कॉपीतल्या एंट्र्यांना मात्र याने काही फरक पडत नाही, त्यामुळे बँक आणि ईमेलचे पासवर्ड त्याच रात्री बदलले, बाकीचे रोज दहा-पंधरा करत संपवतेय.