तुम्ही विचारलंत म्हणून: हिशेबाला माणूस

"ताई, धंदा वाढलाय. हिशेबाचं काम फ्रीलान्सरकडेच ठेवू की पगारी माणूस नेमू?"

आधी महिनाभर एक वही घाला. हिशेबाचं काम निघालं की तारीख, वेळ आणि किती मिनिटं गेली ते लिहा. माझ्या मसाल्याच्या कारखान्यात मी हे केलं, तेव्हा महिन्याला 62 तास भरले. त्यातले जीएसटी रिटर्नचे, म्हणजे खऱ्या जाणकारीचे, जेमतेम 8. बाकीचे तास रोज थोडे थोडे सांडलेले होते: टेम्पो दारात उभा असताना बिल काढणं, खरेदीची बिलं चढवणं, उधारीसाठी फोन करणं.

आमचे अकाउंटंट काका महिन्यातून दोनदा यायचे. माणूस अत्यंत चोख, पण यायचे तेव्हा 10 तारीख उलटलेली असायची. एकदा पाऊचवाल्याचं 60,000चं बिल जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं किती क्रेडिट मिळणार त्या यादीत, दिसेना. त्याने ते त्याच्या जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, दाखवलंच नव्हतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-1ची मुदत 11 तारखेची, आणि 2बी तयार होतं 14ला. आम्हाला कळलं 19ला. 18 टक्क्यांप्रमाणे 10,800 रुपयांचं क्रेडिट त्या महिन्यात मिळालं नाही, तेवढे रोख भरावे लागले. पुढच्या महिन्यात त्याने बिल दाखवलं आणि क्रेडिट मिळालं, पण मिरची खरेदीच्या ऐन हंगामात ते पैसे अडकले. बिल आलं त्याच आठवड्यात नोंद झाली असती, तर 11च्या आत पाऊचवाल्याला एक फोन पुरला असता. यात काकांची चूक नव्हती. रोज बघायचं काम मीच महिन्यातून दोनदा येणाऱ्या माणसाकडे दिलं होतं.

म्हणून मी कामाचे दोन भाग केले. बिलं, नोंदी आणि वसुलीला गावातलीच बी.कॉम. झालेली मुलगी घेतली, पगार 14,000. दिवाळीला एक पगार बोनस धरला की महिन्याला साधारण 15,200 पडतात. पगारी माणसाचा खर्च नेहमी असा बोनससकट मांडा. तुमच्याकडे नऊ जण असतील आणि हा दहावा असेल, तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमाही लागू होतो. 21,000पर्यंतच्या पगारावर मालकाचा वाटा 3.25 टक्के. रिटर्न काकांकडेच राहिले. त्यांचं मानधन 6,000वरून 3,500वर आलं, ते त्यांनीच सुचवलं.

62 तासांत पगारी माणसाचा महिना भरत नाही, हे खरं. उरलेल्या वेळात ती पॅकिंगचा स्टॉक मोजते आणि दुकानदारांच्या ऑर्डरी घेते. तुमच्याकडे असं जोडकाम नसेल, तर माणूस अर्ध्या दिवसाचा ठेवा, पण रोज येणारा. आणि तुमची वही भरल्यावर काम महिन्याच्या दोन-तीन दिवसांतच गोळा झालेलं दिसलं, तर नेमणूक करू नका. फक्त त्या माणसाची यायची तारीख 8च्या आत ठरवून घ्या.