होकाराचा हिशेब

त्या बुधवारी सकाळी अहवालाच्या मसुद्यातील एका वाक्यावर मी अडले. ‘या तालुक्यातील बचत गटांच्या सदस्यांमध्ये नव्या अनुभवांबद्दलची खुली वृत्ती कमी आढळते,’ असे ते वाक्य होते आणि ते मीच आदल्या रात्री लिहिले होते. त्याला आधार होता व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीत खुल्या वृत्तीला मिळालेल्या १०.४ या सरासरी गुणांचा. मापश्रेणीवरील किमान गुण ४, कमाल २० आणि मध्य १२. उरलेल्या चारही गुणविशेषांची सरासरी १२ च्या आसपास होती आणि एवढा एकच आकडा खाली उतरला होता. अहवाल मागवणाऱ्या संस्थेला नव्या उद्योगाच्या प्रशिक्षणासाठी स्त्रिया निवडायच्या होत्या आणि खुल्या वृत्तीचे गुण हा निवडीचा एक निकष ठेवण्याचा त्यांचा विचार होता. म्हणजे या एका आकड्यावरून काही स्त्रिया प्रशिक्षणाला मुकणार होत्या.

व्यक्तिमत्त्वाच्या पंचघटक प्रतिमानात बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यनिष्ठा, भावनिक अस्थिरता आणि खुली वृत्ती असे पाच व्यापक गुणविशेष मानले जातात. माणसे एकमेकांचे वर्णन करताना जे शब्द वापरतात, त्यांतील कोणते शब्द एकत्र चालतात हे संख्याशास्त्राने तपासता तपासता हे पाच गट हाती लागले. ते मोजण्याची एक प्रसिद्ध विस्तृत प्रश्नावली २४० विधानांची आहे आणि तिचे मराठी रूपांतर पुण्यातील लोधी, देव आणि बेल्हेकर या अभ्यासकांनी केलेले आहे. परंतु अंगणात बसून, विधाने मोठ्याने वाचून दाखवत २४० उत्तरे मिळवणे आम्हाला शक्य नव्हते. म्हणून आम्ही ‘मिनी-आयपीआयपी’ ही २००६ साली प्रसिद्ध झालेली, कोणालाही मुक्तपणे वापरता येणारी २० विधानांची प्रश्नावली घेतली आणि तिचे भाषांतर आम्हीच केले. प्रत्येक गुणविशेषाला चार विधाने आणि प्रत्येक विधानाला ‘अजिबात लागू नाही’ (१) पासून ‘अगदी लागू’ (५) पर्यंत उत्तर, अशी तिची रचना आहे. १८६ स्त्रियांची उत्तरे आमच्याकडे होती.

खरे तर आकडा खटकण्याआधी मला विश्वसनीयतेचे गुणांक खटकायला हवे होते. एका गुणविशेषाची चार विधाने खरोखर एकच गोष्ट मोजत असतील, तर त्यांची उत्तरे एकमेकांशी मेळ राखतात आणि अल्फा हा गुणांक तो मेळ सांगतो. आमच्या खुल्या वृत्तीच्या श्रेणीचा अल्फा शून्याच्याही खाली होता. अल्फा ऋण येतो, त्या वेळी विधाने सरासरीने परस्परांच्या विरुद्ध दिशेला ओढत असतात. असे दिसले की पहिली शंका उलट विधानांवर, म्हणजे ज्यांना दिलेला होकार गुणविशेष कमी असल्याचे सांगतो अशा विधानांवर, घ्यायची असते, कारण बहुतेक वेळा ती उलटवायची राहून गेलेली असतात. मी ते तपासले. विधाने नीट उलटवलेली होती.

मग मी गुण बाजूला ठेवून मूळ अर्ज काढले. त्यातील ७३ क्रमांकाचा अर्ज मी अजून विसरलेले नाही. ‘मी घरातली कामे लगेच उरकते’ याला ५, ‘वस्तू जागच्या जागी ठेवायला मी बऱ्याचदा विसरते’ याला ४, ‘मला व्यवस्थितपणा आवडतो’ याला ५ आणि ‘मी कामांचा गोंधळ करून ठेवते’ याला ४. दुसरे आणि चौथे विधान उलट असल्याने त्यांचे गुण ६ मधून वजा करून धरायचे, म्हणजे ५, २, ५ आणि २ मिळून १४. कर्तव्यनिष्ठेचा हा गुण मध्यापेक्षा थोडा वरचा, अगदी सामान्य दिसणारा आहे. अर्ज पाहिल्याशिवाय कोणालाही कळणार नाही की या बाईंनी परस्परविरोधी अशा चारही विधानांना होकार दिला आहे.

इथे माझ्या लक्षात आले की सकाळपासून मी जो आकडा न्याहाळत होते, तो प्रश्नावलीच्या बांधणीतून आलेला असू शकतो. विधान कोणतेही असो, ‘हो’ म्हणण्याकडे कल असणे याला आम्ही होकारप्रवृत्ती म्हणतो. तिचा परिणाम पुसला जावा, म्हणूनच प्रश्नावलीत उलट विधाने घातलेली असतात. दोन सरळ आणि दोन उलट विधाने असली, की होकाराने दोन ठिकाणी वाढलेले गुण दोन ठिकाणी घटतात आणि बेरीज जागेवर राहते. मिनी-आयपीआयपीत चार गुणविशेषांची रचना अशीच दोनास दोन आहे. खुल्या वृत्तीची मात्र नाही. तिथे ‘माझी कल्पनाशक्ती सजीव आहे’ हे एकच विधान सरळ आहे. अमूर्त कल्पनांमध्ये रस नसणे, त्या समजायला अवघड जाणे आणि कल्पनाशक्ती चांगली नसणे ही उरलेली तिन्ही विधाने उलट आहेत. सगळ्या विधानांना ४ म्हणणारी व्यक्ती चार गुणविशेषांत बरोबर १२ वर येते आणि खुल्या वृत्तीत ४, २, २, २ मिळून १० वर उतरते. आमचा अहवाल नेमके हेच चित्र दाखवत होता.

होकारप्रवृत्ती मोजता येते. समतोल असलेल्या चार श्रेणींची १६ विधाने घ्यायची आणि काहीही न उलटवता त्यांची सरासरी काढायची. आठ विधाने एका बाजूची आणि आठ विरुद्ध बाजूची असल्याने माणूस कसाही असला, तरी ही सरासरी ३ च्या जवळ यायला हवी. ती जितकी वर जाईल तितका होकाराचा कल. ७३ क्रमांकाच्या अर्जात ती ४.२५ निघाली. सर्व १८६ अर्जांची ३.७ निघाली. आता प्रत्येक उत्तरातून ही जादा ०.७ वजा केली, तर खुल्या वृत्तीच्या एका सरळ विधानात ०.७ ची घट होते आणि तीन उलट विधानांत मिळून २.१ ची भर पडते, म्हणजे एकूण १.४ वाढतात. १०.४ चे ११.८ झाले. अहवालातील ते वाक्य ज्या फरकावर उभे होते, तो जवळजवळ संपूर्ण फरक होकाराचा होता.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढच्या तक्त्यात दिसली. चौथीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांमध्ये होकाराचा कल दहावी झालेल्या स्त्रियांपेक्षा बराच जास्त होता, त्यामुळे निकष लागू झाला असता तर कमी शिकलेल्याच यादीतून गळाल्या असत्या आणि त्याचे कारण म्हणून त्यांच्या स्वभावाकडे बोट दाखवले गेले असते. शिक्षण कमी असेल तिथे होकारप्रवृत्ती अधिक आढळते, हे इतर देशांतील अभ्यासांतही दिसलेले आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २३ अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील ९४ हजारांहून अधिक लोकांची उत्तरे तपासली, तेव्हा समोरासमोर विचारलेल्या प्रश्नावल्यांमधून हे पाच घटक नीट उमटत नाहीत असे आढळले होते. मी तो निबंध वाचलेला होता. आपल्याच अर्जांना तो लावून पाहण्याचे मात्र मला सुचले नव्हते, याची रुखरुख मला आजही वाटते.

दुपारी मी आमच्या एका सर्वेक्षक मुलीला बरोबर घेऊन सर्वेक्षण झालेल्या गावांपैकी एका गावी गेले. अर्जांवर नावे नसतात आणि कोणता अर्ज कोणाचा हे मला जाणूनही घ्यायचे नव्हते. पुन्हा बोलायला तयार असलेल्या तीन स्त्रियांबरोबर बसून, विधान ऐकल्यावर त्यांच्या मनात काय येते एवढेच विचारायचे होते.

पहिल्या बाईंना मी वाचून दाखवले, “माझी कल्पनाशक्ती चांगली नाही. लागू पडते का?”

“नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे कल्पनाशक्ती चांगली आहे?”

“नाही हो ताई, आमची कुठली आलीय चांगली?”

दुसऱ्या बाई त्याच विधानाला “हो” म्हणाल्या आणि लगेच पुढे म्हणाल्या, “चांगली आहे की. गटाचे सगळे हिशेब तोंडपाठ असतात मला.” नकारात्मक वाक्याला मराठीत दिलेला ‘हो’ किंवा ‘नाही’ वाक्याला असतो की वस्तुस्थितीला, हे बोलणाऱ्याच्या स्वरावरून कळते, अर्जावरील आकड्यात तो स्वर उतरत नाही. भाषांतर करताना आम्ही इंग्रजीतील नकार जसेच्या तसे आणले होते आणि ही चूक सर्वस्वी आमची होती. शिवाय हिशेब तोंडपाठ असणे म्हणजे कल्पनाशक्ती नव्हे. तो शब्दच तिथे वेगळ्या अर्थाने ऐकला जात होता.

‘अमूर्त कल्पना’ या शब्दापाशी सर्वेक्षक मुलीने मान खाली घातली. “मॅडम, हे कोणालाच कळत नव्हतं, म्हणून मी ‘मोठमोठ्या विचारांच्या गोष्टी’ असं सांगायचे,” ती म्हणाली. तिचा काहीच दोष नव्हता. तिने तसे सांगितले नसते, तर उत्तरेच मिळाली नसती. तिसऱ्या बाईंना मी विचारले, की समजले नाही तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलेत? त्या म्हणाल्या, “एवढ्या उन्हाची पोरगी दारात आली, तिला नाही कसं म्हणायचं?”

परतल्यावर ११.८ हा दुरुस्त आकडा अहवालात घालावा असा आग्रह एका सहकाऱ्याने धरला. मी तो मानला नाही. ही दुरुस्ती होकाराचा कल काढून टाकते, पण मुळात न मिळालेली माहिती ती आणू शकत नाही. ७३ क्रमांकाच्या बाईंचे खुल्या वृत्तीचे गुण ९ होते, दुरुस्तीनंतर ते ११.५ झाले, त्या दोन्ही आकड्यांमध्ये त्या बाई कशा आहेत हे कुठेच नव्हते. विधान न कळता दिलेल्या उत्तरातून कितीही वजाबाकी केली तरी ते न कळलेलेच राहते. दुरुस्तीनंतर कर्तव्यनिष्ठेच्या विधानांतील मेळ बराच सुधारला, म्हणून तो गुणविशेष गटाच्या सरासरीपुरता ठेवला. खुल्या वृत्तीचा भाग अहवालातून काढला, तो का काढला ते दीड पानात लिहिले आणि कोणत्याही एका स्त्रीची निवड या गुणांवरून करू नये असे पहिल्याच पानावर नमूद केले. संस्थेने निकष मागे घेतला.

पुढच्या फेरीसाठी आम्ही विधानांतून ‘नाही’ काढले आणि उत्तर दोन टप्प्यांत विचारायचे ठरवले: आधी ‘माझ्यासारखं’ की ‘माझ्यासारखं नाही’, मग ‘थोडं’ की ‘पुष्कळ’. सुरुवातीलाच शेजारणीच्या नावाने दोन परस्परविरुद्ध विधाने सरावासाठी ठेवली, म्हणजे नकार दिल्याने पाहुणीचा अपमान होत नाही हे आधी अनुभवाला यावे. अर्थात शब्द बदलले की श्रेणीही नवी होते. तिचे गुण प्रसिद्ध गुणांशी ताडून पाहता येत नाहीत आणि तिची विश्वसनीयता मुळापासून तपासावी लागते. ते काम अजून चालू आहे. पहिल्या चाचणीत मी स्वतः एका आजींना विचारले, “रिकामं बसलं की माझ्या मनात नवनव्या गोष्टी येतात. हे तुमच्यासारखं की नाही?” आजींनी क्षणभर विचार केला. “नाही बाई, माझ्यासारखं नाही,” त्या म्हणाल्या. “रिकामं बसलं की मला झोप येते.” मी “थोडं की पुष्कळ?” असे विचारले, त्या “पुष्कळ” म्हणाल्या आणि मी अर्जावर १ लिहिला.