उत्तरसूचीतले 21

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे बीजगणिताचे पेपर तपासून झाले होते, गुणतक्ताही कार्यालयात गेला होता. मग कोण कुठे चुकलं याची प्रश्नवार नोंद करायला बसले आणि पहिल्याच प्रश्नातल्या एका बहुपर्यायी उपप्रश्नावर अडकले. ‘4 ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती?’ वर्गातली हुशार मुलं इथे झाडून चुकलेली, आणि ज्यांना अंकगणिती श्रेढीचं सूत्र धड लिहिता येत नाही त्यांतल्या कितीतरी जणांना गुण. असं दिसलं की मुलांवर नाही, उत्तरसूचीवर संशय घ्यावा.

पहिली संख्या 12, शेवटची 96. 96 = 12 + (n − 1) × 4, म्हणून n − 1 = 21 आणि n = 22. सूची करणाऱ्याने 21 आल्याबरोबर पेन खाली ठेवलं होतं. त्या एकात अख्खा वर्ग उलटापालटा.

मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, सूची समितीची आहे. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना तीच. आपण कोण बदलणार?” समितीला फोन केला. लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं, तर मुख्याध्यापकांच्या सहीने द्या. सर म्हणाले, समितीने आधी मान्य करू दे, मग सही करतो. समिती म्हणे, सही आल्याशिवाय आम्ही बघत नाही. निकालाची तारीख जवळ येत होती आणि माझा अर्ज सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली.

लिपिक भाऊसाहेबांनी तोडगा काढला, “सगळ्यांनाच एक गुण देऊन टाका, कटकट नको.” माझं डोकंच फिरलं. सरसकट गुण देतात ते प्रश्नच चुकला किंवा पर्यायांत बरोबर उत्तरच नसलं तर. इथे 22 पर्यायांत छापलेलं होतं!

सर इतिहासाचे. सूत्र दाखवून काही उपयोग नव्हता, हे मला फार उशिरा सुचलं. शेवटी कोऱ्या कागदावर 12, 16, 20 असं 96 पर्यंत लिहून कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेन्सिलीने टिंबं देत मोजलं. पुन्हा मोजलं. मग सही केली आणि समितीची वाट न बघता आपल्या शाळेपुरते गुण दुरुस्त करायला सांगितलं.

दुरुस्ती करताना जुन्या गुणावर एकच आडवी रेघ, शेजारी नवा गुण आणि सही. व्हाइटनर अजिबात नको. पहिल्या पानावरची अक्षरी बेरीजही बदलायची, ती हमखास राहते. आणि हो, पेपर मुलांना वाटण्याआधीच हे उरका. नाहीतर दिलेला गुण काढताना वर्गात उभं राहावं लागतं, मला लागलं.

“मग माझा गेला ना, बाई?”

“गेला.”

समितीचं शुद्धिपत्रक अजून आलेलं नाही. शेजारच्या शाळेत उत्तर अजून 21 च आहे.