आधी रकाने मोजा, मग माहिती वाचा : आमच्या दुकानाची वाटचाल

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वजनकाट्यावर क्लार्क होतो. ट्रकचा नंबर, चलनाचा नंबर, वजन, वेळ, सगळं ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहायचं. एक आकडा शेजारच्या रकान्यात गेला की संध्याकाळी हिशेब जुळायचा नाही आणि घरी जायला रात्र व्हायची. काम गेलं. हाताशी असलेल्या पैशांत दोन जुने कॉम्प्युटर नि एक प्रिंटर घेतला आणि डिचोलीच्या बाजाराजवळ अर्ज भरून देण्याचं दुकान टाकलं.

पहिली सात-आठ वर्षं सरळ गेली. गृहआधार, लाडली लक्ष्मी, पॅन, पासपोर्ट. माणूस समोर बसायचा, आम्ही विचारायचो, तो सांगायचा. २०२० च्या मार्चमध्ये शटर खाली आलं आणि लोक आपापल्या मोबाइलवर अर्ज भरू लागले. अडले की स्क्रीनशॉट पाठवायचे, खाली स्वतःची सगळी माहिती एका दमात टाईप केलेली आणि शेवटी एकच प्रश्न : ‘‘दादा, यात खंय काय भरूं?’’ टाळेबंदी संपली, हे काम मात्र राहिलं. लॉगिन त्यांचं, ओटीपी त्यांच्या फोनवर, त्यामुळे आम्ही अर्ज भरत नाही. कुठल्या रकान्यात काय जाईल एवढंच सांगतो. आज दुकानाची निम्मी कमाई यावर आहे.

हे काम दिसतं पोरखेळासारखं. नावापुढे नाव, पत्त्यापुढे पत्ता. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं आणि पहिल्या दोन महिन्यांत बरेच अर्ज परत आले. कारण शोधताना लक्षात आलं, आम्ही माहितीपासून सुरुवात करत होतो. गिऱ्हाइकाने लिहिलेली ओळ वाचायची आणि तिच्यासाठी रकाना शोधायचा. मग प्रत्येक ओळ कुठे ना कुठे बसवायचीच असं वाटत राहतं. रक्तगट लिहिलाय ना, मग ‘ग्रुप’ शब्द दिसला की टाका तिथे. आम्ही क्रम उलटा केला. आधी स्क्रीनशॉट प्रिंट करून प्रत्येक रिकाम्या रकान्यावर लाल पेनाने नंबर घालायचा, मजकुराकडे बघायचंसुद्धा नाही. नंबर घालून झाले की एकेका रकान्यासाठी मजकुरातली ओळ शोधायची. सापडली तर तिच्याखाली तोच नंबर लिहायचा. नाही सापडली तर रकाना रिकामा, आणि गिऱ्हाइकाला प्रश्न.

गेल्या पावसाळ्यातली एक केस सांगतो, तिच्यात जवळजवळ सगळं आलं. बोर्ड्यातल्या एका मुलीला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती. कंपनीने रुजू होण्याआधी भरायचा फॉर्म पाठवला. तिने दोन स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली लिहिलं : स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव नाईक, लग्नाआधीचं गावकर. जन्म ५ ऑगस्ट १९९४. पॅन नंबर. घराचा नंबर आणि वाडा, बोर्डे, डिचोली ४०३५०४. नॉमिनी नवरा. शिक्षण बीकॉम. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

आमच्याकडे मुळगावची एक मुलगी आहे, तिने नंबर घातले आणि म्हणाली, १४ रकाने रिकामे. मी पाहिलं तर १५ होते. `Marital Status` पुढे `Single` दिसत होतं, म्हणून तिने तो भरलेला धरला. पण तो पर्याय अर्जदाराने निवडलेला नव्हता, यादीतला पहिला पर्याय फॉर्मने आपणहून दाखवला होता. अशा रकान्यात भरलेलं दिसतं आणि भरलेलं नसतं. याच्या उलट, चौकटीत फिक्या करड्या अक्षरांत `Enter PIN` असं काही असतं, तो रकाना तर उघड रिकामा. पण नमुना म्हणून एखादा खराखुरा वाटणारा मोबाइल नंबर करड्या अक्षरांत असला की नवखा माणूस फसतो. शेजारच्या खरोखर भरलेल्या रकान्याची अक्षरं किती काळी आहेत ते बघायचं, फरक लगेच कळतो. तिचा मोबाइल नंबर वर आधीच आलेला होता, पण त्याची अख्खी चौकटच करडी होती. म्हणजे तो लॉगिनवरून आलेला, बदलता न येणारा. त्याला नंबर घालायचा नाही.

नाव आणि आडनाव सोपं गेलं. जन्मतारखेपाशी थांबलो. रकान्यात फिकं `MM/DD/YYYY` होतं. आपण सगळे दिवस आधी लिहितो, आणि हा फॉर्म महिना आधी मागत होता. तिने ०५/०८ टाकलं असतं तर फॉर्मने कुरकुर न करता ८ मे धरली असती. तारीख २५ असती तर २५ वा महिना नसतो म्हणून फॉर्म अडला असता आणि चूक तिथेच कळली असती. धोका महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांत जन्मलेल्यांना. त्यामुळे अशा तारखा आम्ही उत्तरात आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहितो.

पत्त्यातली गंमत गोव्याबाहेरच्याला कळणार नाही. तिने ‘डिचोली’ एकदाच लिहिलं होतं, फॉर्ममध्ये मात्र `Town` आणि `Taluka` असे दोन रकाने. डिचोली शहरही आणि तालुकाही, म्हणजे एकच शब्द दोन ठिकाणी जाणार. वर तालुक्याच्या यादीत ती D खाली शोधत बसली होती. तिथे नाव `Bicholim` आहे. पेडण्याचे लोक `Pernem` आणि फोंड्याचे `Ponda` सहज काढतात, डिचोलीवाला मात्र हमखास अडतो. `District` तर तिने लिहिलाच नव्हता. पण डिचोली तालुका उत्तर गोव्यात आहे, यात अंदाज काही नाही. अशी उत्तरं आम्ही देतो, पण हिरव्या पेनाने, म्हणजे ‘तुमच्या मजकुरात नव्हतं, आम्ही काढलं, एकदा बघून घ्या’. वैवाहिक स्थितीचा `Married` पण हिरवाच.

सगळ्यात जास्त वेळ गेला सातव्या रकान्यावर, `Name as per PAN`. तिने आडनावं दोन दिली होती. पॅन नंबर १० अक्षरांचा असतो : पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर P असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. तिचं पाचवं अक्षर G होतं. मुळगावची मुलगी खूश झाली, म्हणाली, ‘‘म्हणजे कार्डावर गावकर.’’ तिचं डोकं चाललं होतं, तरी उत्तर घाईचं होतं. लग्नानंतर नाव बदलून घेतलं तर कार्डावरचं नाव बदलतं, नंबर तोच राहतो. म्हणून G चा अर्थ एवढाच की पॅन काढला तेव्हा आडनाव G वरून होतं. आज कार्डावर काय छापलंय ते कार्डच सांगेल. रकाना रिकामा, कार्डाचा फोटो मागितला. (नंबरांच्या या ठेवणीचा दुसरीकडे मात्र उपयोग होतो. लोक सगळे नंबर नाव न देता एकाखाली एक पाठवतात. १२ आकडे दिसले की आधार, ६ आकडे की पिन, ११ अक्षरं आणि पाचवं शून्य असेल तर बँकेचा आयएफएससी. खाते क्रमांकाला अशी ठरलेली लांबी नाही, म्हणून तो विचारूनच घेतो.)

नॉमिनीचे रकाने तीन : नाव, नातं, जन्मतारीख. मजकुरात एकच शब्द, ‘नवरा’. तो `Relationship` मध्ये गेला. नाव मात्र तिच्याच नावाच्या मधोमध बसलेलं होतं, उचलून टाकायचा मोह होतो. मोह आवरायला आम्ही एकदा ठेच खाऊन शिकलो. एका बाईंच्या अर्जात असंच मधलं नाव नॉमिनी म्हणून सांगितलं. घरात आणि गावात तेच चालत होतं, आधारवर मात्र बारशाचं दुसरंच नाव. अर्ज परत आला, बाईंनी दुकानात येऊन सगळ्यांसमोर सुनावलं, आणि बोलायला आमच्याकडे तोंड नव्हतं. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. या फॉर्ममध्ये `Date of Birth` दोनदा होतं, एक वर, एक नॉमिनीच्या मथळ्याखाली. रकान्याचं लेबल एकटं वाचून चालत नाही, वरचा मथळा कुणाचा आहे ते बघावं लागतं. तिने स्वतः आधी दोन्हीकडे स्वतःची तारीख टाकली होती, म्हणे.

शेवटी मजकुराकडे परत गेलो. दोन गोष्टींखाली नंबर पडला नव्हता : शिक्षण आणि रक्तगट. रक्तगट लोक उगाचच लिहितात, त्याचं काही वाटलं नाही. पण नोकरीच्या फॉर्मात शिक्षणाला जागा नाही, हे पटेना. विचारलं, अजून पान आहे का? होतं. दुसऱ्या स्क्रीनशॉटच्या खाली स्क्रोल करायचं राहिलं होतं. तेव्हापासून आम्ही सांगतो, पुढचा स्क्रीनशॉट घेताना आधीच्यातला शेवटचा रकाना वर दिसला पाहिजे. मधलं काही सुटलं नाही याची तेवढी एक खूण पुरते.

तिला गेलेलं उत्तर साधारण असं होतं, थोड्याच ओळी देतो :

```
4  Date of Birth   08/05/1994  (५ ऑगस्ट)
7  Name as per PAN रिकामा - कार्डाचा फोटो पाठवा
9  Town            Bicholim
10 Taluka          Bicholim    (हिरवा)
11 District        North Goa   (हिरवा)
13 Nominee Name    रिकामा - आधारवर आहे तसं
```

पंधरापैकी नऊ रकाने तिच्या मजकुरातून थेट भरले, तीन हिरव्या पेनाने, तीन रिकामे राहिले. माझ्या मते हा चांगला निकाल. पंधराच्या पंधरा भरून पाठवलेलं उत्तर पाहिलं की मला आता धास्तीच वाटते. काही गिऱ्हाइकं चिडतात, ‘‘पैसे घेता आणि परत आम्हालाच विचारता?’’ त्यांना मी ते सुनावणाऱ्या बाईंचं सांगतो.

संध्याकाळी तिने दोन्ही कार्डांचे फोटो पाठवले. पॅनवर गावकरच होतं, मुळगावच्या मुलीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. नवऱ्याच्या आधारवर आडनाव होतं `Naique`, आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदांवरून उतरलेलं. हिचं स्वतःचं `Naik`. तिने विचारलं, एकाच फॉर्मात नवरा-बायकोची आडनावं वेगळी दिसतील, सारखी करू का? आम्ही लिहिलं, करू नका, तेराव्यात q सकट जाऊ दे. फोटो डिलीट केले आणि चहा मागवला.